सोडलेलं युजरनेम परत मिळतं का?

इन्स्टाग्रामवर युजरनेम बदललं, की जुनं नाव बहुतेक वेळा 14 दिवस परत घेता येतं. समजा, मसाले विकणाऱ्या एका ताईंनी `aaiche_masale` सोडलं आणि मुदतीनंतर ते दुसऱ्यानं उचललं. आता ‘आधी माझं होतं’ हा दावा चालत नाही. नावाचा ट्रेडमार्क नोंदलेला असेल आणि समोरचाही त्याच नावानं मसाले विकून गिऱ्हाइकांची दिशाभूल करत असेल, तर ट्रेडमार्क तक्रारीत दम असतो. तो ताईंचंच सोंग घेत असेल, तर तोतयेगिरीची तक्रार करावी. पण खातं बंद झालं तरी नाव मिळेलच असं नाही. पैसे देऊन नाव घेणं नियमबाह्य, शिवाय फसवणुकीची भीती. त्यापेक्षा `aaichemasale_pune` घ्यावं आणि प्रोफाइलच्या नावाच्या रकान्यात ‘आईचे मसाले’ लिहावं. शोधताना तेही सापडतं.