तुंबलेल्या पिशवीची गळती

कपड्यांना सतत ओल राहते, खोकला आला किंवा उठून उभे राहिले की लघवीचे थेंब सुटतात. वीस वर्षे मधुमेह असलेल्या बाईला असे होऊ लागले की ती दोन उपाय स्वतःच शोधते. पाणी कमी पिते आणि पॅड वापरते. लघवी ‘धरून’ ठेवणारी गोळी मिळते का, हेही विचारते. पण या दुखण्यात पिशवीचे तोंड सैल झालेले असेलच असे नाही. पुष्कळदा पिशवी पूर्ण रिकामी होत नाही आणि काठोकाठ भरलेल्या टाकीतून पाणी ओघळावे तशी लघवी बाहेर येते.

याचे मूळ नसांमध्ये आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पायांच्या नसा बधिर होतात, हे आता बहुतेकांना माहीत आहे. मूत्राशयाच्या नसांचेही तसेच होते. आधी जाते ती संवेदना. साधारण दीडशे ते अडीचशे मिली लघवी साठली की निरोगी माणसाला पहिली जाणीव होते. इथे पाचशे मिली साठले तरी मेंदूला निरोप पोचत नाही. म्हणून सुरुवातीला त्रास काहीच नसतो, उलट ‘मला सारखे जावे लागत नाही’ याचे बरेच वाटते. पिशवी मात्र रोज ताणली जाते. पुढे तिचा स्नायू दुबळा होतो, धार बारीक पडते, थांबून थांबून येते आणि आत लघवी उरू लागते.

समजा, एक काकू आहेत, वय ६३, मधुमेह १८ वर्षांचा. डॉक्टरांनी त्यांना तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली. लघवीची वेळ लिहायची आणि मापाच्या भांड्यात मोजून ती किती झाली तेही लिहायचे. काकू दिवसातून तीनदाच जात होत्या, दर वेळी सुमारे ५०० मिली. मग लघवी करून आल्याबरोबर पोटाची सोनोग्राफी केली. आत २८० मिली शिल्लक होती. एरवी ही शिल्लक पन्नास मिलीच्या आतबाहेर असते.

आता हिशोब पाहा. मूत्रपिंडे तासाला साधारण ६० मिली लघवी तयार करतात. २८० मिली आधीच आत असताना आठ तास थांबले, तर पिशवीत साडेसातशेच्या वर जमते. तीनच तासांनी गेले तर ४६०. काकूंना घड्याळ लावून जायला सांगितले ते यासाठीच: सकाळी ७, १०, दुपारी १, ४, संध्याकाळी ७ आणि झोपण्यापूर्वी १०. लघवी लागलेली असो वा नसो, जायचेच, कारण ती लागल्याची खूणच आता भरवशाची उरलेली नाही.

दर वेळी घाई न करता बसायचे, पाय जमिनीला टेकलेले आणि अंग किंचित पुढे झुकलेले. धार थांबली की उठून चार-पाच मिनिटे फिरायचे आणि पुन्हा बसायचे. दुसऱ्या खेपेला निघणारी लघवी ही आधी मागे राहिलेलीच असते. पोट जोराने दाबू मात्र नये, दाबाने लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढू शकते.

काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली तेव्हा शिल्लक १३० मिलीवर आली होती. मेलेल्या नसा यातून परत येत नाहीत. फक्त स्नायूवरचा ताण कमी होतो आणि तुंबलेल्या लघवीत जंतू वाढायला वाव कमी मिळतो.

औषधांची यादीही डॉक्टरांना दाखवावी. पायांच्या आगीवर दिली जाणारी अमिट्रिप्टिलीन आणि सर्दीच्या काही गोळ्या पिशवी आणखी सुस्त करतात. लघवी धरून ठेवणारी गोळी तर तुंबलेल्या पिशवीला घातकच. म्हणून आधी शिल्लक मोजायची, मगच औषध. पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट आणि बायकांत खाली सरकलेले गर्भाशय अशीच लक्षणे दाखवतात, तेही तपासून घ्यावे लागते.

वेळा पाळूनही शिल्लक तीनशेच्या वर राहिली, वरचेवर संसर्ग झाला किंवा क्रिएटिनिन वाढले, तर यूरॉलॉजिस्ट दिवसातून ठरावीक वेळा स्वतः बारीक नळी घालून पिशवी रिकामी करायला शिकवतात. अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२मध्ये दाखवून दिले की यासाठी निर्जंतुक सामग्री नसली तरी चालते, हात आणि नळी स्वच्छ असली की पुरे. तेव्हापासून हा घरी करायचा उपाय झाला. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अजिबातच थांबली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मधुमेह जुना असेल तर डोळे आणि पाय दरवर्षी तपासतात. त्याच भेटीत ‘लघवी झाल्यावर आत किती उरते?’ हे विचारा. गळती सुरू होण्याच्या कितीतरी आधी त्याचे उत्तर साध्या सोनोग्राफीत मिळते.