वेग भरपूर, तरी चित्र धूसर

नाशिकला मामांनी ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "दुकानात नटीचा केस न् केस दिसत होता रे. घरी सगळं आपलं गुळगुळीत. कनेक्शन १०० एमबीपीएसचं आहे!" इंटरनेटवाला दोनदा येऊन गेला होता, राउटरही नवा आणला होता. ॲपच्या सर्वांत महागड्या प्लॅनचे पैसे भरूनही सिनेमाच्या नावापुढे फोर-केचं चिन्ह काही येत नव्हतं.

मी गेलो आणि आधी मामींना विचारलं, "चित्र मधेच सुधारतं का?"

"छे! पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखंच."

या उत्तराने राउटर बराचसा निर्दोष सुटला. का, ते सांगतो. ॲपकडे एकाच सिनेमाच्या कमी-जास्त स्पष्टतेच्या अनेक प्रती असतात आणि प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात. आधीचे तुकडे किती वेगाने आले आणि पुढचा किती साठा जमला आहे, हे पाहून ॲप पुढचा तुकडा कोणत्या प्रतीतला घ्यायचा ते ठरवतं. म्हणून नेट कमी पडत असेल, तर चित्र सहसा चढ-उतार करतं: सुरुवातीला धूसर, मग स्वच्छ, आणि रात्री नऊला सगळी इमारत टीव्हीसमोर बसली की पुन्हा धूसर. चित्र एकाच पायरीवर ठाम बसलं असेल, तर बहुधा कुठेतरी मर्यादा घातलेली असते.

तसा वेग लागतोही फार नाही. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरेसे मानतं. मात्र तो वेग टीव्हीपर्यंत पोचायला हवा. राउटरशेजारी उभं राहून फोनवर घेतलेली स्पीड टेस्ट दोन भिंतींपलीकडच्या टीव्हीबद्दल काहीच सांगत नाही. टीव्हीच्याच ब्राउझरवर fast.com उघडलं, तर ४० दिसले. म्हणजे नेटचा प्रश्न मिटला.

पुढची शंका सेटिंगची. डेटा वाचवण्याची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते आणि काहींत ती प्रत्येक प्रोफाइलला वेगळी असते. घरातल्या कुणी प्रवासात ती लावली आणि तशीच राहिली, तर टीव्हीवरही तेच प्रोफाइल धूसर दिसतं. मामांचं ठीक होतं.

फोनवर हीच तक्रार असेल, तर गुन्हेगार वेगळा निघू शकतो. अँड्रॉइड फोनमध्ये चोरी रोखणारं वाइडवाइन नावाचं कुलूप असतं. Widevine L1 म्हणजे कुलूप थेट चिपच्या सुरक्षित भागात. L3 असेल तर ॲप साधारणपणे एचडी देतच नाही, मग स्क्रीन कितीही भारी असो. नेटफ्लिक्स ॲपच्या सेटिंगमध्ये Playback Specification खाली हे वाचता येतं. फोनचं बूटलोडर उघडणाऱ्या हौशी मंडळींचा L1 पुष्कळदा L3 होतो आणि मग दोष नेटवाल्याला!

मामांच्या टीव्हीमागे वाकून पाहिलं, तेव्हा खरी गोम कळली. स्ट्रीमिंगची स्टिक थेट टीव्हीला नव्हती. ती दहा वर्षांपूर्वीच्या होम थिएटरच्या डब्यात खोचलेली होती आणि तिथून दुसरी एचडीएमआय केबल टीव्हीला गेली होती. चित्र पाठवण्याआधी स्टिक पुढच्या प्रत्येक यंत्राकडे एचडीसीपी नावाचं ओळखपत्र मागते. फोर-केसाठी या ओळखपत्राची २.२ आवृत्ती लागते. जुन्या डब्याकडे १.४ होती, तीवर फुल एचडीपलीकडे जाता येत नाही. त्यामुळे स्टिक मुकाट्याने खाली उतरली. पडद्यावर सूचना नाही, काही नाही. हा मुकेपणा मला सगळ्यात जास्त खटकतो.

स्टिक काढून थेट टीव्हीत लावली. तरी चिन्ह येईना, कारण काही टीव्हींवर २.२ चालवणारं एचडीएमआयचं भोक एखादंच असतं. पुस्तिका पाहून ते शोधलं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या भोकाचा वाढीव सिग्नल चालू केला आणि ॲप बंद करून पुन्हा उघडलं. फोर-के आलं. आवाजासाठी टीव्हीतून डब्याकडे ऑप्टिकल केबल टाकली.

दुकानदाराने "चित्र खुलेल" म्हणत मामांना महागडी केबलही विकली होती. एचडीएमआय केबल कमकुवत असली, तर पडदा मधेच काळा होतो किंवा चमचमते ठिपके दिसतात. ती चित्र किंचित धूसर करत नाही, आणि चांगली केबल ते किंचित खुलवतही नाही. १८ जीबीपीएस पेलणारी साधी केबल फोर-केला पुरते.

केबल दुकानदाराने परत घेतली. राउटर मात्र घेतला नाही.