परत केलेल्या वस्तूचे पैसे नेमके कुठे अडकतात?

ऑनलाइन घेतलेली वस्तू परत केल्यावर काही दिवसांनी दुकानाच्या ॲपवर ‘रिफंड दिला’ असा संदेश येतो. त्याचा अर्थ इतकाच, की दुकानाने पैसे परत करण्याची सूचना पुढे पाठवली. कार्डाने पैसे भरले असतील तर ही सूचना आधी पेमेंट गेटवेकडे जाते, तिथून दुकानाच्या बाजूच्या बँकेकडे, मग व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यात आणि शेवटी ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे पोचते. हे काम प्रत्येक ठिकाणी गठ्ठ्याने होते आणि मधे सुट्ट्याही येतात. म्हणून कार्डावर पैसे दिसायला साधारण पाच ते सात कामकाजाचे दिवस लागतात. तेवढे दिवस उलटूनही रक्कम आली नाही, तरच शोध सुरू करण्यात अर्थ आहे.

पहिली शंका मात्र स्वतःच्या शोधण्याच्या पद्धतीवर घ्यावी. बरेचदा पैसे आलेले असतात, पण ग्राहक चुकीची रक्कम, चुकीचे नाव किंवा चुकीचे पान पाहत असतो. समजा, 5 एप्रिल 2025 रोजी एका ग्राहकाने 1,600 रुपयांचा कुर्ता आणि 2,400 रुपयांच्या चपला एकाच ऑर्डरमध्ये घेतल्या. दहा टक्के सवलतीचे कूपन लागून क्रेडिट कार्डावर 3,600 रुपये पडले. चपला लहान झाल्या म्हणून परत केल्या, कुरिअरवाला त्या 17 एप्रिलला घेऊन गेला आणि 21 एप्रिलला रिफंडचा संदेश आला. परत येणारी रक्कम इथे 2,400 नसते. कूपनची सवलत दोन्ही वस्तूंवर वाटली गेल्यामुळे चपलांसाठी प्रत्यक्षात 2,160 रुपयेच भरलेले असतात आणि तेवढेच परत येतात. स्टेटमेंटमध्ये 2,400 किंवा 3,600 हा आकडा शोधणाऱ्याला ही नोंद सापडत नाही. नोंदीपुढे दुकानाऐवजी पेमेंट गेटवेचे किंवा दुकान चालवणाऱ्या कंपनीचे नाव असू शकते. ते ओळखण्यासाठी खरेदीच्या वेळची नोंद काढून तिथे कोणते नाव छापले होते ते पाहावे.

याच ग्राहकाचे बिल दर महिन्याच्या 20 तारखेला निघते असे धरू. 20 एप्रिलच्या बिलात 3,600 रुपयांची खरेदी आहे, पण रिफंड त्यात असणे शक्यच नाही. तो बँकेच्या ॲपमध्ये अजून बिलात न आलेल्या व्यवहारांच्या पानावर, ‘Cr’ अशा खुणेसह दिसेल.

तिथेही तो नसेल तर दुकानाकडे मागायची वस्तू म्हणजे एआरएन. नुसते ‘रिफंड आला नाही’ असे कळवले, तर थोडे दिवस थांबा एवढेच ठरावीक उत्तर मिळते, म्हणून हा क्रमांक स्पष्ट शब्दांत मागावा. एआरएन हा 23 अंकांचा क्रमांक दुकानाच्या बाजूची बँक कार्डावरच्या व्यवहाराला देते आणि पुढच्या सगळ्या टप्प्यांवर व्यवहाराची ओळख तोच असतो. त्यातले 8 ते 11 हे चार अंक तारीख सांगतात: पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा आणि पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस ते. वरच्या उदाहरणात तिथे 5113 असेल, तर 2025 मधला 113 वा दिवस म्हणजे 23 एप्रिल. संदेश 21 तारखेचा असला तरी सूचना खऱ्या अर्थाने निघाली ती 23 तारखेला, आणि कामकाजाचे दिवस तिथून मोजायला हवेत.

या क्रमांकामुळे जबाबदारी कोणाची हेही ठरते. आठवडा उलटूनही दुकानाला एआरएन देता येत नसेल, तर पैसे बहुधा त्याच्या किंवा गेटवेच्या बाजूला अडकले आहेत आणि तगादा तिथेच लावायला हवा. एआरएन मिळाला असेल तर तो, रक्कम आणि तारीख लिहून कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. कार्ड हरवून नवे मिळाले असेल तर जुन्या क्रमांकावर आलेला रिफंड बँक सहसा नव्या कार्डाच्या खात्यात वळवते. कार्ड खातेच बंद केले असेल तर मात्र रक्कम बँकेकडे पडून राहते किंवा दुकानाकडे परत जाते. अशा वेळी एआरएनवाचून ती शोधणे फार अवघड असते.

क्रेडिट कार्डावर पैसे आल्यानंतरचा एक नियम ठाऊक असावा. बिल अजून भरलेले नसेल आणि रिफंड देय तारखेआधी आला, तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ती रक्कम देय रकमेतून लगेच वजा करून ग्राहकाला कळवावी लागते. बिल आधीच भरले असेल तर कार्डावर जमा शिल्लक राहते. ती बँक खात्यात हवी असल्यास तशी मागणी करावी, मागणीपासून तीन कामकाजाच्या दिवसांत रक्कम वळती करण्याचे बंधन बँकेवर आहे. खरेदी हप्त्यांवर केली असेल तर रिफंड आला म्हणून हप्ते आपोआप थांबतील असे धरू नये. ते बंद करण्याविषयी बँकेला वेगळे कळवावे.

यूपीआयने पैसे भरले असतील तर मागायचा क्रमांक 12 अंकी असतो आणि तो बँक खात्याच्या नोंदीत तसाच शोधता येतो. इथे पैसे त्या वेळी जोडलेल्या बँक खात्यात जातात, म्हणून नंतर खाते बदललेल्यांनी जुने खाते पाहावे. घरपोच रोख पैसे दिले असतील तर ग्राहकाने भरलेला खाते क्रमांक आणि आयएफएससी पुन्हा तपासावा. ॲपमधल्या दुकानाच्या वॉलेटवरही नजर टाकावी, कारण घाईत तो पर्याय निवडला जातो. आणि या शोधात इंटरनेटवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’च्या क्रमांकावर कधीही फोन करू नये. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, तो मागणारा माणूस पैसे काढायला बसलेला असतो.

पाच दिवसांनंतर दर दिवशी 100 रुपये भरपाई मिळते, असे अनेकांनी ऐकलेले असते. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा तो नियम अयशस्वी व्यवहारांसाठी आहे, म्हणजे पैसे कापले गेले पण दुकानाला पोचल्याची खात्री झाली नाही अशांसाठी. परत केलेल्या वस्तूच्या रिफंडला तो लागू होत नाही. दुकानावर बंधन येते ते 2020 च्या ई-कॉमर्स नियमांचे: तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. तिथे दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

कार्डधारकाला आणखी एक मार्ग असतो, तो चार्जबॅकचा. दुकानाने रिफंड कबूल करूनही दिला नाही, असे कारण देऊन स्वतःच्या बँकेमार्फत मूळ व्यवहारावर हरकत घेता येते. वस्तू परत घेतल्याची कुरिअरची पावती आणि ‘रिफंड दिला’ हा संदेश हेच यातले मुख्य पुरावे, म्हणून त्यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. मुदत साधारण 120 दिवसांची असते, त्यामुळे दुकानाच्या आश्वासनांवर ती घालवू नये. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्या अर्जात एआरएन आणि बँकेने दिलेला तक्रार क्रमांक दोन्ही लिहावेत.