टायरचा लाईट, रिसेटचं बटण आणि गाडीला नक्की काय कळतं?

आजचा भाग एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमुळे करतोय. त्याने टायर रोटेशन करून घेतलं, म्हणजे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे. चारही टायरमध्ये हवा ३३ पीएसआय. दुसऱ्या दिवशी हायवेला लागला, तर थोड्या वेळाने डॅशबोर्डवर तो पिवळा लाईट आला. घोड्याच्या नालासारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह, तोच. पंपावर थांबून हवा चेक केली तर सगळी बरोबर. त्याचा प्रश्न होता, "गाडी खोटं बोलतेय का?"

नाही, खोटं बोलत नाहीये. पण खरं सांगायचं तर त्याच्या गाडीला टायरमधली हवा किती आहे हे माहीतच नाही. ती अंदाज बांधते. कसा, ते बघूया.

टायरची हवा कमी झाली की सांगणारी ही टीपीएमएस नावाची यंत्रणा दोन प्रकारची असते. पहिली डायरेक्ट. यात प्रत्येक चाकाच्या आत, बहुतेक वेळा व्हॉल्व्हलाच जोडलेला, एक छोटा सेन्सर असतो. त्यात बॅटरी असते. तो आतली हवा खरोखर मोजतो आणि रेडिओ सिग्नलने गाडीला कळवतो. म्हणून अशा गाडीच्या स्क्रीनवर बऱ्याचदा चारही चाकांचे आकडे दिसतात. हवा भरली की थोड्या वेळात आकडा आपोआप बदलतो. टायर रोटेशननंतरही आकडे खरेच असतात. फक्त काही गाड्यांत कुठला सेन्सर कुठल्या कोपऱ्यात गेला हे गाडीला नव्याने शिकवावं लागतं. नाहीतर मागच्या चाकाचा आकडा पुढच्याच्या जागी दिसेल.

दुसरी इनडायरेक्ट. फोक्सवॅगन ग्रुपच्या आणि होंडाच्या अनेक गाड्यांत ही आहे. यात टायरमध्ये काहीच नसतं. एबीएससाठी प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतोच, त्याच्याच माहितीवर ही चालते. हवा कमी झाली की टायर किंचित बसतो, म्हणजे चाक किंचित लहान होतं. लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घ्यावे लागतात. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतंय असं दिसलं की गाडी लाईट लावते. नव्या यंत्रणा याच्या जोडीला टायरच्या थरथरण्याची लयही तपासतात, कारण हवा कमी झाली की तीही बदलते.

आता खरी गंमत या "किंचित" शब्दात आहे. रेडियल टायरमध्ये ट्रेडखाली स्टीलच्या तारांचा पट्टा असतो, तो फारसा आकसत नाही. त्यामुळे पाव हवा गेली तरी चाकाच्या फेऱ्यांत पडणारा फरक एक टक्क्याहूनही कमी असतो. गाडी एवढासा फरक शोधत असते.

आता आपल्या श्रोत्याचा टायर घ्या, १८५/६५ आर१५. याचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर. गाडीचं वजन बाजूला ठेवून साधं गणित केलं, तर एका किलोमीटरला सुमारे ५१२ फेरे. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर लवकर झिजतात. समजा ते मागच्यांपेक्षा २ मिलिमीटर जास्त झिजलेत. ही झीज वरून आणि खालून मोजायची, म्हणजे व्यासात ४ मिलिमीटरचा फरक. झिजलेल्या टायरचे फेरे होतात साधारण ५१५. तीन फेरे जास्त, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर. पण हवा कमी झाल्यावर दिसणारा फरकही साधारण याच मापाचा असतो ना!

म्हणजे नुसती झीज गाडीला पंक्चरसारखी दिसू शकते. म्हणूनच ही यंत्रणा आधी सध्याच्या चार चाकांचे आपसातले हिशोब शिकून ठेवते: या गाडीत पुढची चाकं नेहमीच जरा जास्त फिरतात, ते नॉर्मल. श्रोत्याने टायरची अदलाबदल केली आणि तो हिशोब उलटा झाला. आता मागची चाकं जास्त फिरायला लागली. गाडीच्या जुन्या हिशोबात हे बसत नाही, म्हणून लाईट. उपाय एकच, रिसेट करून तिला सांगायचं की जुनं विसर, आता हे नॉर्मल.

हवा भरल्यावरही तेच. समजा मागच्या वेळी रिसेट केलं तेव्हा टायरमध्ये २८ पीएसआयच होती. तुम्ही आज ३३ केली, पण रिसेट केलं नाही. गाडीच्या डोक्यात अजून २८ पीएसआयच्या टायरचं वागणं बसलंय. मग हवा ३३ वरून बरीच खाली गेली तरी ती गप्प बसेल.

आणि इथेच सगळ्यात मोठा धोका आहे. रिसेटचं बटण लाईट घालवायचं बटण नाही. ते दाबणं म्हणजे "आत्ता जे आहे ते बरोबर आहे" अशी सही करणं. गाडी त्यावर विश्वास ठेवते. समजा मागच्या डाव्या टायरमध्ये खिळा आहे, हवा हळूहळू जातेय. युरोपच्या नियमात इशारा वीस टक्के घट झाल्यावर द्यायचा असतो, म्हणजे ३३ ची साधारण २६ झाल्यावर. लाईट आला, तुम्ही वैतागून रिसेट दाबलंत. आता गाडीसाठी २६ हेच नॉर्मल. ढोबळमानाने पुढचा इशारा २१ च्या आसपास. एवढ्या कमी हवेवर समृद्धी महामार्गावर सलग तासभर शंभरच्या वेगाने गेलात, तर टायरच्या बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, तापते, आणि टायर फुटू शकतो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना, गेजने हवा मोजा. पळून आलेल्या टायरमध्ये हवा दोन-चार पीएसआय जास्त दिसते. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर जो आकडा आहे, तेवढी भरा. मगच उभ्या गाडीत रिसेट करा. काही गाड्यांत `SET` असं बटण असतं, काहींत स्क्रीनच्या मेनूत जावं लागतं. त्यानंतर गाडी लगेच शिकत नाही. वेगवेगळ्या वेगाने काही वेळ, कधीकधी तासभरही, चालवल्यावर तिचा हिशोब पक्का होतो. तोवर तिच्या गप्प बसण्यावर विसंबू नका. टायर बदलला, पंक्चर काढलं, रोटेशन केलं, प्रत्येक वेळी हाच क्रम.

एक मर्यादा रिसेट करूनही राहते. महिनोन्‌महिने चारही टायरची हवा सारखीच कमी होत गेली, तर चाकांची तुलना करून काहीच कळत नाही, कारण चारही एकत्र बदललीत. थरथर तपासणाऱ्या यंत्रणा हे बऱ्यापैकी पकडतात, जुन्या पकडत नाहीत.

तुमच्या गाडीत कुठली आहे, ते स्क्रीनवरून ओळखता येईल. प्रत्येक चाकाचा आकडा दिसत असेल तर डायरेक्ट. फक्त लाईट आणि रिसेटचा पर्याय असेल तर बहुतेक इनडायरेक्ट. आणि लाईट आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर तो हवेचा नाही, यंत्रणाच बिघडल्याचा इशारा आहे.

श्रोत्याला मी एवढंच सांगितलं: सकाळी गाडी थंड असताना चारही टायर मोज, स्टेपनीही मोज, आणि मग रिसेट कर. भेटू पुढच्या भागात!