तौक्ते चक्रीवादळ: समुद्रावर बळ, जमिनीवर क्षय

१६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले. केंद्र समुद्रातच होते. तरीही गोव्यात झाडे उन्मळली, वीज खंडित झाली. किनाऱ्याजवळून जाताना न शमलेले हे वादळ गुजरातेत जमिनीवर चढताच का ढासळले, असा प्रश्न कोरगावसारख्या समुद्रासन्न गावी पडणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर वाफेत आहे. वादळ निपजण्यास समुद्राचे पाणी साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअसपेक्षा उष्ण लागते. मे महिन्यात अरबी समुद्र याहून बराच तापलेला असतो. ही ऊब खोलवरही हवी, अन्यथा वाऱ्याने घुसळून वर आलेले थंड पाणीच वादळाला दुर्बळ करते. बाष्पीभवनात वाफेने घेतलेली उष्णता उंचावर ढग बनताना मोकळी होते. तेथील हवा तापते, खालचा दाब उतरतो, भोवतालची दमट हवा आत धावते आणि नवी वाफ आणते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ती थेट केंद्राकडे न जाता त्याभोवती फिरू लागते.

१७ मेच्या रात्री तौक्ते सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर होता. डोंगर व झाडे वारा अडवतात म्हणून वादळ मरते, ही समजूत अपुरी आहे. घर्षणाने पृष्ठभागाजवळचा वेग घटतो हे खरे. परंतु निर्णायक गोष्ट म्हणजे वाफेचा पुरवठा तुटतो. पावसाने भिजलेली जमीनही लवकर निवते, कारण समुद्रासारखा उष्णतेचा साठा तिच्यापाशी नसतो. १९ मेपर्यंत वादळाचा केवळ अवदाब उरला. वर साठलेले बाष्प मात्र लगेच सरले नाही. त्याच दिवशी दूर दिल्लीत मुसळधार पाऊस झाला.