पामिटिक आम्ल: घडण्याची वाट आणि जळण्याची वाट

सोळा कार्बनांचे पामिटिक आम्ल यकृतात तयारही होते आणि मोडलेही जाते. दोन्ही कामांत दर फेरीला दोन कार्बनांची देवघेव होते. मग एकच रस्ता उलटसुलट का वापरला जात नाही?

दोन्ही कामे कुठे चालतात?
मोडणी मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या गाभ्यात होते, तर घडण बाहेर, पेशीद्रवात. घडणीत वाढती साखळी एका मोठ्या एन्झाइमच्या एसीपी नावाच्या वाहकाला चिकटलेली असते. मोडणीत ती कोएन्झाइम ए वर स्वार होते.

कच्चा माल बाहेर कसा येतो?
अॅसिटिल कोए मायटोकॉन्ड्रियात तयार होते, पण त्याला आतले आवरण ओलांडता येत नाही. म्हणून ते ऑक्झॅलोअॅसिटेटशी जोडले जाऊन सिट्रेट बनते, सिट्रेट बाहेर पडते आणि तिथे पुन्हा फुटते. उरलेले ऑक्झॅलोअॅसिटेट मॅलेटमार्गे पायरुव्हेट होऊन आत परतते, आणि परतताना एक एनएडीपीएच देऊन जाते. हा फायदा मोठा आहे: एका पामिटेटसाठी आठ अॅसिटिल कोए लागतात, म्हणजे या फेऱ्यांतून आठपर्यंत एनएडीपीएच मिळू शकतात. गरज मात्र चौदाची असते. उरलेले प्रामुख्याने ग्लुकोजच्या पेंटोज फॉस्फेट मार्गातून येतात.

एनएडीएच का चालत नाही?
दोन्ही रेणू इलेक्ट्रॉनच वाहतात, पण पेशी त्यांचे खाते वेगळे ठेवते. एनएडी बहुतांशी रिकामे राहते, म्हणून ते इलेक्ट्रॉन काढून घेण्यास सोयीचे. एनएडीपी बहुतांशी भरलेले असते, म्हणून ते देण्यास तयार. त्यामुळे मोडणीच्या सात फेऱ्यांतून सात एनएडीएच आणि सात एफएडीएच२ मिळतात, घडणीत एनएडीपीएच खर्च होते.

बाहेरचे आम्ल आत कसे जाते?
लांब साखळीला कार्निटिनचा आधार लागतो. बाहेरच्या आवरणावरचे सीपीटी-१ एन्झाइम आम्ल कार्निटिनला जोडते, आतले सीपीटी-२ त्याला पुन्हा कोएन्झाइम ए कडे सोपवते.

दोन्ही एकाच वेळी का होत नाही?
इथे खरी हुशारी दिसते. भरपेट जेवणानंतर इन्शुलिनच्या प्रभावाने अॅसिटिल कोए पासून मॅलोनिल कोए बनते. ते घडणीतले पहिले खास द्रव्य आहे आणि तेच सीपीटी-१ रोखते. नवी चरबी तयार होत असताना जुनी आत जाऊन जळू नये, याची ही व्यवस्था आहे. उपाशीपणी मॅलोनिल कोए घटते आणि दार उघडते.

हे दार जन्मतः बिघडले तर?
सीपीटी-१ च्या कमतरतेत बाळ उपाशी राहिले की रक्तातली साखर घसरते, तरीही कीटोन अपेक्षेइतके वाढत नाहीत. हीच निदानाची खूण. अशा मुलांना उपाशी ठेवत नाहीत आणि आहारात मध्यम लांबीच्या साखळीची चरबी देतात. तिला आत जायला कार्निटिन फारसे लागत नाही.