पडद्यावर फोटो, कागदावर पांढरा चौकोन

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात हा प्रकार हमखास घडतो. हॉलतिकिटाची पीडीएफ पडद्यावर अगदी नीट दिसते, पण छापून आलेल्या कागदावर नाव आहे, आसन क्रमांक आहे, चौकटीच्या रेघा आहेत आणि फोटोच्या जागी नुसता पांढरा चौकोन. दुकानदार टोनर हलवून पाहतो, पुन्हा छापतो. चौकोन पांढराच. कधी कधी तर अख्खं पानच कोरं येतं.

टोनरवर संशय घेण्यात इथे अर्थ नसतो. त्याच कागदावरची अक्षरं काळीभोर आली आहेत, मग शाई संपलेली कशी असेल? घोळ भाषांतरात झालेला असतो.

पीडीएफचं पान म्हणजे तयार चित्र नव्हे. त्या पानात सूचना असतात: हा फाँट घेऊन इथे हे अक्षर काढ, इथून तिथे रेघ ओढ, या जागी हा फोटो ठेव. पडद्यावर दाखवताना अॅक्रोबॅट रीडर किंवा ब्राउझर या सूचना स्वतः वाचून पान रंगवतो. छापताना मात्र बहुतेक वेळा त्या सूचना पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल अशा प्रिंटरच्या भाषेत उतरवल्या जातात आणि पान रंगवण्याचं काम प्रिंटर स्वतः करतो. म्हणजे एकच मजकूर दोन वेगळे वाचक वाचतात, आणि दुसरा अनेकदा जुना असतो.

फोटो, सही आणि शिक्का यांच्यावरच गदा का येते, याचं एक मोठं कारण पारदर्शकता. सहीची पार्श्वभूमी काढून टाकलेली असली, तर फाइलमध्ये सहीच्या चित्रासोबत त्याचा कुठला भाग दिसू द्यायचा आणि कुठला नाही, हे सांगणारा एक मुखवटाही साठवलेला असतो. पीडीएफमध्ये अशी पारदर्शकता 2001 साली, 1.4 या आवृत्तीत आली. पोस्टस्क्रिप्ट त्याच्या बरीच आधीची, 1984ची. तिला अर्धवट पारदर्शक चित्र ठाऊकच नाही. त्यामुळे छापण्याआधी ते चित्र सपाट करून द्यावं लागतं. या टप्प्यावर प्रिंटरचा ड्रायव्हर चुकला, तर चित्र गळतं किंवा त्याच्या जागी काळा ठोकळा उमटतो. पान फारच गुंतागुंतीचं असेल आणि प्रिंटरची मेमरी तोकडी, तर तो पूर्ण पानच सोडून देऊ शकतो.

अशा वेळी Print As Image कामी येतं. रीडरमध्ये Ctrl+P दाबून Advanced उघडलं की हा पर्याय दिसतो. क्रोममध्ये पीडीएफ छापताना तो More settings मध्ये सापडतो. त्यावर खूण केली की सगळं पान संगणकच रंगवतो, त्याचे ठिपके करतो आणि ते एकसंध चित्र म्हणून पुढे पाठवतो. प्रिंटरला फाँट, मुखवटा, पारदर्शकता यांतलं काहीच समजून घ्यावं लागत नाही. हॉलतिकिटाचा फोटो बहुधा इथेच कागदावर येतो. मूळ फाइलला धक्का लागत नाही. बदल तेवढ्या एका छपाईपुरताच असतो.

किंमत मात्र मोजावी लागते. इंचाला 300 ठिपके धरले तर ए-फोर पानाचे सुमारे 87 लाख ठिपके होतात आणि रंगीत पानाचा कच्चा डेटा 26 मेगाबाइटच्या आसपास जातो. 600 केले की तो चौपट. वीस पानांची पुस्तिका अशी छापायला घेतली तर रांगेतल्या गिऱ्हाइकांचा संयम सुटेल. शिवाय 300 वर बारीक टाइपातले अनुस्वार आणि रफार किंचित फुगीर दिसतात, बारकोडच्या रेघांची धार जाते. म्हणून हॉलतिकिटासारख्या एकपानी कागदाला 600 निवडावं आणि एरवी हा पर्याय बंदच ठेवावा.

त्याआधी प्रिंटच्या खिडकीतलं छोटं पूर्वदृश्य नीट पाहिलं तर बरीच खटपट वाचते. तिथे फोटो दिसतोय आणि कागदावर नाही, तर दोष ड्रायव्हरचा किंवा प्रिंटरचा, आणि Print As Image करून पाहण्यासारखं आहे. पूर्वदृश्यातच तो नसेल, तर मात्र या पर्यायाचा उपयोग नाही, कारण प्रिंटरपर्यंत काही पोहोचण्याआधीच तो वगळला गेला आहे.

मोबाइलवरच्या अॅपने डकवलेली सही बरेचदा अशी हरवते. ती पानाचा भाग नसते, पानावर चिकटवलेली टिप्पणी असते. रीडरच्या Comments & Forms या यादीत Document निवडलेलं असेल तर टिप्पण्या छापल्या जात नाहीत; Document and Markups निवडलं की सही येते. त्याच यादीत चुकून Form fields only राहिलं असेल, तर अर्जात भरलेली उत्तरं तेवढी छापली जातात, आणि भरायच्या चौकटीच नसलेली फाइल पूर्ण कोरी बाहेर येते.